परवानगी मागा

नळदुर्गच्या स्टँडसमोर मुजीबचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. माणूस लाखाचा, पण घाई त्याच्या पाचवीला पुजलेली. गिऱ्हाईकाचा ईमेल नसला की हाच काढतो, कोडसाठी आपलाच मोबाईल नंबर देतो, पासवर्ड वहीत लिहितो आणि फॉर्मची प्रिंट हातात ठेवतो. आपला ईमेल कोणता, हे निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं. मी रोज तिथं पेपर वाचायला बसतो. हे बरं नव्हे, असं त्याला शंभरदा सांगितलं होतं.

शाळेतल्या गोपाळकृष्ण सरांचा तेरावा झाल्यावर त्यांची लेक श्रिया दुकानात आली. तिनं त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून सर वर्षभर तिच्याशी बोलत नव्हते. जाण्याआधी चार दिवस त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती एक लिंक पाठवली होती.

"उघडली, तर परवानगी नाही म्हणून आलं," ती म्हणाली. "मला वाटलं, आप्पांनीच मुद्दाम तसं केलं. मी फोन ठेवून दिला. आलेच नाही."

लिंक पुन्हा उघडली. वर तिचा ऑफिसचा ईमेल, खाली 'परवानगी मागा'चं बटण. मुजीबनं दाबलं.

मिनिटभरात तिच्या आईचा फोन आला. तिनं स्पीकरवर टाकला. प्रेमलाबाई म्हणाल्या, "अगं, आप्पांचा फोन वाजला आत्ता. कपाटात. तुझं नाव आलंय त्याच्यावर. परवानगी मागतीय म्हणून."

प्रेमलाबाई तो फोन रोज चार्जिंगला लावत होत्या. त्याचा पिन एकट्या सरांना ठाऊक होता. मागणारी इथं, देणारा नाही, आणि फोनवर मात्र निरोप पोचत होता.

मुजीबनं वही काढली. मागच्या वर्षी तिच्या परीक्षेचा फॉर्म त्यानंच भरला होता, नवा ईमेल काढून. तो ईमेल छापलेली प्रिंट सरांकडेच राहिली होती.

"बेटा, त्यांनी परवानगी ह्या ईमेलला दिलीय. तू दुसऱ्यानं उघडतीस. मंग कसं उघडंल?"

त्यानं ऑफिसचं अकाउंट बाजूला ठेवून वहीतलं उघडलं. कोड त्याच्याच मोबाईलवर आला. तीच लिंक आता उघडली. आत एकच रेकॉर्डिंग होतं.

सरांचा आवाज दुकानात घुमला, वर्गात यायचा तसाच खणखणीत. बाहेर रसवंतीचं घुंगरू थांबल्यासारखं वाटलं मला.

"श्रिया, सोमवारी सोलापूरला ऑपरेशन आहे. राग सोडलाय मी. त्याआधी ये. तू आल्याशिवाय मी टेबलावर जाणार न्हाय, डॉक्टरला सांगितलंय."

सर सोमवारी टेबलावर गेलेच नव्हते. मंगळवारी पहाटे घरीच वारले. दवाखान्यात का नेलं नाही, हे गावात कुणाला उमगलं नव्हतं.

श्रियानं मुजीबकडे पाहिलं. "चाचा, तारीख काय आहे ह्याची?"

मुजीबनं सांगितली, लिंक आली त्याच शुक्रवारची. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितली.