धवला आणि घरघर

केबिन रोडवरच्या माझ्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात लग्नाच्या कॅसेटवरून तक्रारी यायच्या त्या ठरलेल्या. नवरी काळी दिसते, जेवणाच्या पंगतीत आमचे मेव्हणे नाहीत, व्याही तीनदा का घेतले. पण त्या दिवशी आलेली बाई वेगळीच तक्रार घेऊन आली. कॅसेट काउंटरवर ठेवून म्हणाली, "दादा, माझ्या आईच्या गळ्यात मोटर बसवलीत का?"

तिची आई चेणे गावची धवलारीण, म्हणजे धवल्याची गाणी म्हणत लग्नाचे विधी लावणारी म्हातारी. तिने धवला सुरू केला की मांडवातले कुत्रेसुद्धा मांडी घालून बसत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कॅसेट लावली. म्हातारी गातेय आणि मागे घूंऽऽ, घर्रऽ, परत घूंऽऽ. वरसावे पुलाच्या चढावर लोड ट्रक अडकावा तसं.

"आईच्या गळ्याचं ऑपरेशन आहे," बाई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, आवाज राहील याची गॅरंटी नाही. मला तिचा नीट आवाज पाहिजे."

मी आधी कॉम्प्युटरवर घरघर कापायला बसलो. घरघर गेली, पण जाताना आवाजाचा गरही घेऊन गेली. म्हातारी पाण्याच्या टाकीत बसून गातेय असं वाटायला लागलं. मग म्हटलं, आईंना दुकानात आणा, पंखा बंद करून शांतपणे घेऊ.

म्हातारी आली, भिंतीवरचे नवरा-नवरीचे फोटो बघितले आणि म्हणाली, "धवला लगनातच म्हनाचा. हितं म्हनला तं लगीन कुनाचा, तुझे कॅमेऱ्याचा?"

संपला विषय. ऑपरेशनच्या आधी गावात एकच लग्न उरलं होतं, आणि त्याची ऑर्डर माझ्याकडेच होती.

आता कॅमेऱ्याची कुंडली मांडतो. माझं मॉडेल स्वस्तातलं. बाहेरचा माईक लावायला भोकच नव्हतं. आतला माईक लेन्सच्या अगदी डोक्यावर, म्हणजे फोकस आणि झूमच्या मोटरचा सख्खा शेजारी. त्यात कॅमेरा हुशार. बँड वाजत असला की आवाज आपोआप दाबतो आणि शांतता झाली की आपोआप वाढवतो. म्हणून बँडमध्ये मोटर ऐकू येत नाही आणि म्हातारी श्वास घ्यायला थांबली की नेमकी मोटरच गाते. मांडवात उजेड कमी, मध्येच तोरण हलतं. फोकस आपला चाचपडत पुढे-मागे. झूमचं बटण हळू दाबून पाहिलं, तर घरघर बारीक झाली पण लांबली. शेवटी ठरवलं: फोकस हाताने लावून तिथेच ठेवायचा, झूमला बोट लावायचं नाही, चित्र रुंद ठेवायचं आणि म्हातारीच्या जवळ जाऊन बसायचं.

दुपारी हळद लागायची वेळ झाली. मी चौरंगाशेजारी, म्हातारीपासून हातभर अंतरावर, पाय दुमडून बसलो. तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. हेडफोनमध्ये नुसता तिचा आवाज. मोटर मेलेली! माझ्या अंगावर इतका काटा आला की त्यावर टॉवेल वाळत घालता आला असता.

पण ऑर्डर देणारे नवऱ्याचे मामा. त्यांना पाहिजे नवऱ्याच्या गालावरच्या हळदीचा क्लोजअप. आधी खुणा केल्या, मग डोळे वटारले. माझा अंगठा सवयीने झूमकडे निघाला होता. मी तो मुठीत कोंबला. समोर म्हातारीची मुलगी हात जोडून माझ्याकडे बघत होती. शेवटी मामांचा धीर सुटला आणि ते मांडव हलेल असे गरजले, "ए व्हिडिओवाले! झोपला काय? झूम मार ना!"

म्हातारी थांबली. पदराने तोंड पुसलं. मग तिने तीच ओळ परत उचलली, पण आवाज जरा खाली आला होता. पुढे ती थकत गेली. विधी उरकला. मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि मला पंगतीत शेवटी बसवलं.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

कॅसेट द्यायला मी चेण्याला गेलो. मुलीला म्हटलं, "ताई, घरघर कुठेच नाही. फक्त मामा आहेत. तेवढे कापून देतो." ती म्हणाली, "कापाच."

मी कॅसेट मशीनमध्ये घातली. म्हातारी खाटेवर बसून टीव्हीकडे बघत होती. गळ्याला पांढरी पट्टी. धवला सुरू झाला तसे तिचे ओठ हलायला लागले, एकही शब्द न चुकता. मामा गरजले. ओठ थांबले. पदर तोंडाशी गेला. मग टीव्हीतली म्हातारी सुरू झाली आणि खाटेवरचे ओठही, बरोबर त्याच ओळीवर.

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मी कापायला म्हणून मशीनमधून कॅसेट काढली नाही.