एसटीनं आलेला डबा
आज आबांचं, माझ्या आजोबांचं, तिसरं पुण्यस्मरण, म्हणून हा फोटो टाकतेय. सकाळी घरात शेंगदाण्याच्या चटणीचा वास सुटला आणि लातूरचं बसस्टँड आठवलं. मी तिथं क्लासला होते आणि कंधारहून माझा डबा रोज एसटीनं यायचा. एकदा मी फोनवर रडले, "मला इथं राहायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी डबा घेऊन बसमधून आबाच उतरले. मी जेवेपर्यंत ते बाकावर शेजारी बसून राहिले. रिकामा डबा पिशवीत ठेवत म्हणाले, "तुझी आजी रोज इचारती, पोरगी जेवती का न्हाई. आता डोळ्यानं बघितलं म्हणून सांगतो तिला." आणि परतीच्या बसनं गेले. मी लातूरला राहिले. आज फोटोपुढं नैवेद्य त्याच डब्यात ठेवलाय. आबा, मी वेळेवर जेवते.