दहा दिवस कोणाचे?

बानाबाईच्या माहेरी मेंढरं होती, सासरी दोन एकर कोरडवाहू. लग्नानंतर नवरा मुंजाबा वाळूजला कामाला लागला आणि पुढं दोघांनी मिळून पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. मोठ्या कारखान्याचे सुटे भाग धुवायचे, तेल लावायचं, खोक्यांत भरून परत पोचवायचे. मुंजाबा बोलण्यात हुशार, हिशेबात कच्चा. तारखा बानाबाईच बघायची.

त्या ऑगस्टमध्ये अकरा तारखेला, सोमवारी, माल आला. कारखान्याचा स्टोअरकीपर रामकिसन म्हणाला, "उद्यापासून कामाचे दहा दिवस."

शेडची सुट्टी शुक्रवारी. बानाबाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवत मोजलं. "शनिवार, तेवीस तारीख."

"चोवीस," मुंजाबा म्हणाला. "दोन शुक्रवार, वर पंधरा ऑगस्ट."

"अवं, पंधरा ऑगस्ट शुक्रवारीच हाय! एकच दिवस दोनदा कसा वगळता?"

यावर दोन दिवस वाद चालला. शेवटी तेवीस ठरली, पण काम मागं पडलं होतं. बावीसच्या शुक्रवारी सोयगावला धाकट्या बहिणीच्या लेकीचं बारसं. बाळासाठी कुंची शिवून तयार होती. बानाबाई गेली नाही. दिवसभर खोकी भरली. बहिणीनं फोनवर एवढंच विचारलं, "म्हंजे येत नाय?" आणि ठेवून दिला.

शनिवारी टेम्पो कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिला. वॉचमन म्हणाला, "स्टोअर बंद हाय. इथं शनिवार-रविवार सुट्टी."

टेम्पोचं भाडं देऊन माल परत शेडमध्ये उतरवला.

सोमवारी रामकिसननं माल मोजून घेतला. "वेळेत आणला. आजच शेवटचा दिवस, कॉम्प्युटर सांगतोय." मग स्वतःच कपाळ चोळलं. "थांबा, यात सुट्ट्यांची यादी टाकलीच नाही. नुसते शनिवार-रविवारच वगळलेत." त्यानं पंधरा ऑगस्ट टाकला. "उद्यापर्यंत मुदत होती, ताई. सव्वीस."

बानाबाईचा आवाज चढला. "सव्वीस? आमचा शनिवार, तुमचा मंगळवार! दहा दिवस कोणाचे ते आधी सांगायला काय झालं होतं? मी भाचीचं बारसं सोडून खोकी भरली, रामकिसनभाऊ!"

"आमचेच दिवस धरायचे असतात," रामकिसन म्हणाला. " मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असंल."

"मला नुसते दहा दिवस सांगू नका. तारीख सांगा. वार बी सांगा."

पुढचा माल आला तेव्हा त्यानं चिठ्ठीवर तारीख आणि वार लिहून दिला. तरीही बानाबाईनं त्याच्याकडून कारखान्याच्या वर्षभराच्या सुट्ट्या मागून घेतल्या आणि त्याच्यासमोर बसून मोजलं.

बारशानंतरच्याच शुक्रवारी, एकोणतीसला, ती एसटीनं सोयगावला गेली. बहिणीनं चहा दिला, पण संध्याकाळपर्यंत धड बोलली नाही. बाळाला कुंची घट्ट झाली. आठवड्यात पोरगी वाढली होती.