बिल्ल्यावरची मॅनेजर

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, चादरी धुण्याच्या कारखान्यात मॅनेजर होत्या. तसं त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलेलं होतं. कारखान्यात मात्र सगळे त्यांना घडीताई म्हणत, कारण त्यांच्या हातची चादरीची घडी फूटपट्टीने मापावी अशी असे.

इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ट्रॉल्या भरभरून येत. धुवायच्या, इस्त्रीच्या गरम रुळांतून काढायच्या, घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे. वन्संनी हे आठ वर्षं केलं. मग साहेबांनी बोलावून त्यांना मॅनेजर केलं. पगार थोडा वाढला, किल्ल्या आल्या आणि हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवायचं बंद झालं. "मॅनेजरला कसली हजेरी? तुम्ही आता आमच्यातल्या," साहेब म्हणाले होते.

त्याबरोबर ओव्हरटाइमही बंद झाला. काम तेच राहिलं. फरक एवढाच, की आधी आठ तास उभ्या असायच्या, आता कोणी आलं नाही की त्याच्या जागी आणखी चार तास. मी एकदा म्हटलं, "वन्सं, बढती झाली की शिक्षा?" त्या हसल्या. "अगं, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा."

दुसऱ्या विभागात त्यांची मैत्रीण होती. सगळे तिला काकू म्हणत. तिच्याही छातीवर तसाच बिल्ला होता. एका संध्याकाळी रुळात अडकलेली चादर ओढताना काकूचा हात कोपरापर्यंत आत गेला. मिस्त्रीने धावत येऊन यंत्र बंद केलं. हात वाचला, पण तीन बोटं गेली.

त्या दिवशी काकू सकाळी सहाला आली होती. हात अडकला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. वन्संनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पण चार दिवसांनी कारखान्याच्या कागदावर लिहून आलं, की काकू दहाला आल्या होत्या, मधे विश्रांती घेतली होती आणि मॅनेजर असल्याने त्यांची वेळ त्यांच्या मर्जीची होती. खोडून काढायला हजेरी कुठे होती?

आठवड्याने सगळ्या मॅनेजरांना एकेक करून वर बोलावलं. एकूण अकरा जण होते. त्यांत मिस्त्रीसुद्धा, त्याचं नाव आता देखभाल मॅनेजर. साहेबांच्या टेबलावर प्रत्येकाच्या नावाचा एक कागद होता. त्यात लिहिलं होतं: मी माणसं नेमतो, काढतो, रजा मंजूर करतो, पाळ्या लावतो, माझे कामाचे तास मी ठरवतो. खाली तारीख तीन वर्षांपूर्वीची, बढतीच्या वेळची.

"साहेब, तारीख चुकलीय," वन्सं म्हणाल्या.

"चुकलेली नाही. तेव्हा द्यायचा राहून गेला होता."

"घरी नेऊन वाचते."

साहेबांनी कागद हळूच स्वतःकडे ओढला. "घरी न्यायचा नाही. इथेच वाचा. दहा जणांनी वाचला, कुणाला घरी न्यावासा वाटला नाही."

वन्संनी सही केली नाही. साहेब रागावले नाहीत. उठून त्यांनी दार उघडून धरलं आणि म्हणाले, "जपून जा, ताई. जिना ओला आहे."

जिना कोरडा होता. हे सांगताना वन्संचा आवाज खाली गेला होता.

त्या दिवसापासून कारखान्याची हवाच बदलली. वन्संच्या टेबलावर जेवायला कोणी बसेना. त्यांच्या यंत्रासमोर नवा कॅमेरा लागला. आमचे हे त्यांना म्हणाले, "तायडे, कर सही आणि मोकळी हो. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"माझ्या ओव्हरटाइमवर मी पाणी सोडलं असतं रे," वन्सं म्हणाल्या. "पण मॅनेजरची वेळ तिच्या मर्जीची, असं मी लिहून दिलं तर काकूचे ते तेरा तास कुठे जातील?"

त्या कामगार कार्यालयात गेल्या तेव्हा मी बरोबर होते. अधिकारी बाई वयाने लहान, पण कान देऊन ऐकणाऱ्या. वन्संनी बिल्ला पुढे ठेवला. बाईंनी तो बाजूला सरकवला.

"नाव काय दिलंय ते मी बघत नाही. दिवसभर तुमचे हात कशात असतात ते सांगा. माणूस नेमता?"

"नाही."

"काढता?"

"मला अधिकार नाही."

"रजा?"

"चिठ्ठी घेते, वर पाठवते. वरून हो-नाही येतं. पाळ्यांचा तक्ताही वरूनच येतो."

"यंत्र बंद पडलं तर?"

"फोन करते. विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असा हुकूम आहे."

"पण महिन्याचा पगार आहे ना मला?" वन्संनी स्वतःच विचारलं.

"महिन्याच्या पगाराने मॅनेजर होत नाही, किल्ल्यांनीही नाही. मुख्य काम घड्या घालण्याचं असेल, तर ओव्हरटाइमचा हक्क राहतो. तास नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्यांनी नोंदवले नसतील, तर तुमच्याकडे जे आहे ते मी बघेन. काही आहे?"

होतं. प्रत्येक ट्रॉलीतल्या चादरी रुळांत घालायला घेतल्या की चिठ्ठीवर वेळ आणि घालणाऱ्याची आद्याक्षरं लिहायची, असा कारखान्याचाच नियम. त्या चिठ्ठ्या गठ्ठे बांधून कोठीत पडलेल्या असत. अधिकारी बाई दुसऱ्याच सकाळी न कळवता कारखान्यात गेल्या, आधी कोठीला कुलूप घातलं, मग पाळी संपेपर्यंत वन्संचं काम बघत त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. काकूच्या अक्षरातली अपघाताच्या दिवसाची पहिली चिठ्ठी सहा वाजून दहा मिनिटांची निघाली.

निकालाला पाच महिने लागले. वन्सं नावाच्याच मॅनेजर, काम साध्या कामगाराचं, असं ठरलं. मागे जाऊन मागता येतं तेवढ्या, म्हणजे दोन वर्षांच्या जादा तासांचा मोबदला द्यायचा हुकूम झाला. काकूच्या अपघाताच्या कागदात तिचे तेरा तास लिहिले गेले. काकूने डाव्या हाताने वन्संचा चेहरा कुरवाळला.

आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. पण वन्सं म्हणाल्या, "थांबा जरा."

पुढच्या सोमवारी नऊपैकी चारच यंत्रं चालू होती. इस्पितळांच्या चादरी आता बाहेर कुठल्या तरी कंत्राटदाराकडे जातात, असं कळलं. गुरुवारी फलकावर कागद लागला. कामाची फेररचना, शुक्रवारी दहा वाजता पुढील व्यक्तीने कार्यालयात यावं. खाली एकच नाव होतं.

वन्संनी लगेच अधिकारी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तक्रार केली म्हणून त्रास देणं हा वेगळा गुन्हा आहे. एकट्या आत जाऊ नका, कशावरही सही करू नका. मी साडेदहाला पोचते."

म्हणजे अर्धा तास मधे राहत होता. वन्संनी जेवणाच्या खोलीत नजर फिरवली. सगळ्यांनी माना डब्यात घातल्या. मग मिस्त्री उठला, हातातलं फडकं खांद्यावर टाकून त्यांच्यासमोर येऊन बसला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"घडीताई, मी येतो आत."

"तुम्ही तर त्या कागदावर सही केलीय."

"केलीय ना," तो म्हणाला. "म्हणून तर झोप नाही."