लेकीचं गाव

पुण्याहून नागपूरला उतरले आणि तिथून टॅक्सी निघाली तेव्हा माझ्या हातात पत्ता होता तो एवढाच: शांताबाई, गावाचं नाव, तालुका, जिल्हा. घर क्रमांकाच्या जागी तिच्या भाच्याने, नामदेवने, एक रेघ ओढलेली. घर जंगलाच्या जमिनीवर अतिक्रमण करून बांधलेलं, म्हणून ग्रामपंचायतीने नंबर दिला नाही, असं तो आदल्या दिवशी फोनवर म्हणाला होता. “आत्या वाट पाहून राह्यली, ताई. लवकर या,” एवढं सांगून त्याचा फोन तुटला, तो पुन्हा लागलाच नाही. गावात धड रेंज नाही.

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी लहान होते. शांतामावशी आमच्या नागपूरच्या घरी कामाला आली आणि मी कॉलेजात जाईपर्यंत राहिली. माझ्या वेण्या तिने घातल्या, तापात उशाशी तीच बसली. एकदा मी तिला ‘माय’ म्हटलं, तर तिने मला दटावलं होतं: तुझी माय आतल्या खोलीत आहे. आता ती जायला टेकली होती आणि मला तिला जिवंत बघायचं होतं. या प्रवासाला दुसरं काही कारण नव्हतं.

नागभीडला पोहे-तर्री खाल्ली. चव कळली नाही. ब्रह्मपुरी मागे पडली, वैनगंगेचं पात्र आलं; थंडीत आटून वाळूच जास्त. धान कापून झालं होतं, बांध्यांत (भाताच्या शेतात) पुंजणे, म्हणजे धानाच्या पेंढ्यांचे ढीग, उभे होते. एरवी मी गाडी थांबवून फोटो काढले असते. आरमोरी सोडली आणि दोन्ही बाजूंनी जंगल लागलं. मोबाइलच्या नकाशावरचा निळा ठिपका एका जागी गोठला.

“आता विचारतच जा लागते, मॅडम,” ड्रायव्हर प्रमोदभाऊ म्हणाले. ते ब्रह्मपुरीकडचेच, बोलायची खोड भारी. विचारण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. काच खाली करून ओरडायचं नाही. उतरून, जवळ जाऊन विचारायचं. मोटारसायकलवाल्याला विचारायचं नाही, तो घाईत काहीही सांगतो. बसलेल्या माणसाला विचारायचं. ‘हा रस्ता तिकडेच जातो ना’ असं तर कधीच नाही, कारण माणूस बरं वाटावं म्हणून हो म्हणतो. ‘कोणता रस्ता जाते’ असं विचारायचं, आणि दोघांचं उत्तर जुळलं तरच गाडी वळवायची. मला त्या सगळ्या सावकाशीचा राग येत होता.

तरी पहिल्याच वस्तीवर शास्त्र आपटलं. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अशी कोणी शांताबाई या भागात नाहीच म्हणाला. प्रमोदभाऊ परत येऊन हसले. पांढरी गाडी, नागपूरचा नंबर. त्याला आम्ही अतिक्रमण मोजायला आलेले फॉरेस्टवाले वाटलो असणार. नातं सांगितल्याशिवाय इथे घर सापडायचं नाही. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “लेक म्हनून सांगू का? चालन?”

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

गाव लागलं ते दुपार कलल्यावर. सुरुवातीलाच खर्ऱ्याचा ठेला. ठेलेवाला सुपारी-तंबाखूला चुना लावून प्लॅस्टिकच्या तुकड्यात खर्रा घोटत बसला होता. प्रमोदभाऊंनी एक खर्रा घेतला, हवापाण्याचं बोलले, मग मला ऐकू येईल असं म्हणाले, “शांताबाईचं घर कुठी आहे, भाऊ? नागपूरले कामाले होती थे. हे तिची लेक.”

त्याचा हात थांबला. त्याने मान वर केली नाही. शाळेवरून उजवीकडे जा, बोअरिंगवर बाया असतील, त्या सांगतील, एवढंच बोलला.

बोअरिंगवर, म्हणजे हातपंपावर, तीन बाया होत्या. लेक म्हटल्यावर एकीने डोक्यावर पदर घेतला. दुसरीने मला आधी पाणी पी म्हणून सांगितलं. घर कुठे, ते कोणीच सांगेना. पोलीस पाटलांकडे जा, ते घेऊन जातील, असं ठरल्यासारखं सगळ्या म्हणाल्या. मी चिडले. एवढंसं गाव, आणि एका बाईचं घर कोणाला दाखवता येत नाही? मी गाडीत बसून दार आपटलं.

पोलीस पाटील घरी नव्हते. त्यांच्या बायकोने मला ओसरीवर बसवलं, चहा टाकला, भाकर खातेस का विचारलं. मी नको म्हटलं तरी तिने ताट आणलं. आता पाटील येतीलच, मग जाऊ, असं ती म्हणत राहिली आणि वाटेकडे बघत राहिली. सावल्या लांबल्या. मी उठून उभी राहिले आणि जवळजवळ ओरडलेच की तिकडे ती जातेय आणि तुम्ही मला जेवायला घालताय. त्या बाईने डोळे पुसले, पायात चपला अडकवल्या आणि माझा हात धरला.

आम्ही आलो त्याच वाटेने परत निघालो. शाळा गेली, ठेला आला. ठेल्याच्या मागे, रस्त्याकडे पाठ केलेलं, कुडाच्या भिंतीचं, कवेलूंचं म्हणजे कौलारू घर. ठेल्यावर उभं राहून हाक मारली असती तर आत ऐकू गेली असती.

अंगणात बायाच बसल्या होत्या. दारापुढे विझलेल्या विस्तवाची राख. मला बघून एकीने गळा काढला, आणि मला कळलं.

ती पहाटेच गेली होती. नामदेवने माझ्यासाठी तिला ठेवलं होतं. आम्ही ठेल्यावर पोचलो तेव्हा ती आतच होती, मागच्या अंगणात गाव जमलं होतं. आम्ही ओसरीवर बसलो असताना पुरुष उचलून घेऊन गेले, कारण नाल्यापलीकडे वाघाचा फेरा आहे, अंधाराच्या आत परतावं लागतं. मी बांध्यांतून धावले. धानाच्या खुंटांनी पाय सोलले. नाल्यावर पोचले तेव्हा चिता धडधडत होती. नामदेव माझ्याकडे बघून म्हणाला, “थोडं अगुदर आल्या असत्या, ताई.”

त्याला कोणी सांगितलं नव्हतं की मी गावात आहे. सगळे एकमेकांवर सोपवत राहिले होते.

परत येताना प्रमोदभाऊंनी ठेल्यापाशी गाडी थांबवली. भांडायलाच उतरले होते. ठेलेवाल्याने हात जोडले. “काऊन नाई सांगितलं म्हंता? तुमीच म्हनलं लेक आहे. मायचं असं लेकीले रस्त्यावर सांगते का कोनी? घरचं मानूस हात धरून नेते, मंग सांगते. दुसरं कोनी असतं तं म्हनलो असतो, बाई गेली, मांगंच घर आहे, जा, पाहून घ्या.”

प्रमोदभाऊ गाडीत येऊन बसले. मग माफ करा म्हणाले. माफ करायचं काय त्यात? ‘हो’ तर मीच म्हटलं होतं.

पुण्याला परतून आता बरेच दिवस झाले. त्या गावाचा राग यावा म्हणून मी प्रयत्न करून पाहिला, येत नाही. जन्मभर जिने मला ‘माय’ म्हणू दिलं नाही, तिच्या गावाने मला अर्ध्या दिवसात लेक मानलं आणि लेकीसारखं जपलं. परकी म्हणून गेले असते, तर तिचं तोंड दिसलं असतं.