फळ्यावर अडलेलं वेळापत्रक

एम.एस्सी.च्या मॉलिक्युलर बायोलॉजीच्या पेपरला पंधरवडा उरला, तेव्हा मी रंगीत पेन्सिलींनी वेळापत्रक आखलं. आधी प्युरिन-पिरिमिडिन हे डीएनएचे घटक पेशीत तयार होण्याचे मार्ग, मग रेप्लिकेशन म्हणजे डीएनएची नक्कल आणि ट्रान्स्क्रिप्शन म्हणजे त्यावरून आरएनए बनणं, यांच्या यंत्रणा, जुने पेपर अगदी शेवटी.

नागपूरजवळच्या कुहीची माझी रूममेट म्हणाली, "जुने पेपर शेवटी काहून वं?"

"आधी वाचून तर होऊ दे," मी म्हटलं आणि कौतुकाच्या आशेनं ते वेळापत्रक विभागात शिकवणाऱ्या बाईंना दाखवायला नेलं.

बाईंनी भरल्या वर्गातच माझ्या हातात खडू दिला. "रेप्लिकेशन वर्षभरात वाचलंयस ना? काढ."

मी फळ्यावर डीएनएच्या दोन्ही नव्या साखळ्या उलगडत्या टोकाकडे सलग वाढताना दाखवल्या. मागे बसलेलं कुणीतरी फिसकन हसलं.

"दोन्ही सलग कशा?" बाई म्हणाल्या. "एकीला उलट दिशेनं, तुकड्यातुकड्यांनीच बनावं लागतं. रोज सकाळी पुस्तक मिटून जुन्या पेपरातला एक प्रश्न लिही. आज मार्गावरचा, उद्या यंत्रणेवरचा. अडशील तेवढंच दुपारी वाच."

माझे कान तापले होते. चूक पुसायचंही मला सुचलं नाही, ते बाईंनीच केलं.

खोलीवर मी रूममेटची नजर चुकवत नवं वेळापत्रक लिहायला बसले. तुझंच बरोबर होतं, एवढं म्हणायलाही जीभ रेटेना. ती माझ्या शेजारी येऊन बसली. जुना पेपर उघडून म्हणाली, "पह्यला प्रश्न सांगू का?"

त्या वर्षी मी पास झाले. रेप्लिकेशनचा प्रश्न आला होता, आकृतीही बरोबर काढली. पण काढताना ते हसू ऐकू येत होतं.