डाव्या हाताची तीन बोटं

लीलाबाईच्या हातच्या भाकरीला बोरी अरब गावात नाव होतं. हे तिने स्वतः कधी बोलून दाखवलं नाही, पण कोणी बोललं की पदर सावरायचं निमित्त करून ती दुसरीकडे बघायची. बाईला मान आवडतो, घ्यायला मात्र लाज वाटते. त्या बाबतीत ती चारचौघींसारखीच होती.

मग बोटांना भेगा पडायला लागल्या. आधी कोरडेपणा, मग सालपटं, मग अशा चिरा की मिठाचा कण लागला तरी डोळ्यात पाणी यावं. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "हे इसब आहे, साबण-पाण्याचं. हात कोरडे ठेवा." मलम दिलं. मलम लावलं की उतरायचं, बंद केलं की पुन्हा हजर. पाहुणा जायचं नाव घेत नाही तशातली गत.

सून प्रेरणा वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. तिनेच म्हटलं, "आई, तुमी पान्यात हात नका घालू. भांडे, कपडे, पीठ, सारं मी पाहीन. तुमी बसून लसूण सोला." प्रेरणाने गावातल्या बायकांसोबत लसणाच्या चटणीचं काम चालवलं होतं, पाकिटं यवतमाळच्या दुकानांत जायची. लसूण रोज लागायचा. थोडाफार लीलाबाई आधीपासूनच सोलून द्यायची, आता तो सोलणारं हक्काचं माणूस घरातच मिळालं. कोरडं काम, बसल्या जागी, सावलीत. आगीतून फुफाट्यात कसं पडतात ते लीलाबाईला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

हात काही सुधरेनात. उलट बोटांची टोकं कडक झाली, चिरांतून रक्त यायला लागलं. मग घरात कोणी काही न बोलताच एक गोष्ट घडली. तिच्या हातचं पाणी घ्यायचं लोकांनी टाळलं. चटणीच्या बायका परातीभोवती बसायच्या, लसूण सोलायचं तिचं सूप मात्र दाराजवळ वेगळं. एकदा कुणीतरी हळूच म्हणालं, "दुसऱ्याले लागत असन काय वं ते?" लीलाबाईने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. भगवानराव, म्हणजे तिचा नवरा, तो तर प्रेरणाच्या हातचा चहा मागायला लागला. माणसांनी भरलेल्या घरात ती बाई एकटी पडली, आणि एकटं पडल्याचं कोणाला सांगावं तर सांगायलाही घरातलेच.

शेवटी ती एकटीच एस.टी.त बसून यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात गेली. मुलगा रजत म्हणाला होता, "मी येतो," पण कापूस वेचणीला आला होता. तिने आग्रह केला नाही.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई, अर्पिता नाव, वयाने प्रेरणाएवढी. लीलाबाई हात पदराखाली घेऊन बसली होती. डॉक्टरणीने ते स्वतःच्या हातात घेतले, हातमोजे न घालता. एवढ्या महिन्यांत कोणी तिचे हात असे धरले नव्हते. दवाखान्यात कशाला तमाशा, म्हणून ती खिडकीकडे पाहत राहिली.

डॉक्टरीण हात उलटेसुलटे करून बघत होती. बोटांच्या बेचक्या स्वच्छ. अंगठीखाली काही नाही. हाताची पाठ, मनगट, सगळं बरं. उजवा हात जवळजवळ धडधाकट. भेगा फक्त डाव्या हाताच्या अंगठ्याच्या, पहिल्या आणि मधल्या बोटाच्या टोकांना.

"आजी, साबण कसा असतो माहीत आहे? तो दोन्ही हातांना लागतो. बेचक्यांत शिरतो, अंगठीखाली साचतो, तिथे आधी चिडतो. त्याला तीनच बोटं निवडायचं काय कारण? डाव्या हाताच्या या तीन बोटांत तुम्ही काय धरता?"

लीलाबाई गोंधळली. मग तिने हवेतच डाव्या हाताने पाकळी धरली, उजव्या हाताने सुरी फिरवली आणि मध्येच थांबली.

"लसूण धरतो. रोज. पण ते तं कोरडं काम हाय, बाई."

"कधी बरं वाटलं होतं?"

"आर्नीले भावाच्या घरी गेलतो, लग्न होतं. दोन-तीन हप्ते राह्यलो. वापस आलो तं हात मऊ झालते."

"तिथे भांडी घासली?"

"ढीगभर घासले! लग्नाचं घर होय. पण लसूण सोलाले आचाऱ्याचे मानसं होते."

डॉक्टरीण हसली. मग म्हणाली, तरी खात्री करून घेऊ. कच्चा लसूण कातडीवर ठेवायचा नसतो, तो कोणाचीही कातडी भाजतो. म्हणून मापात पातळ केलेला लसणाचा अंश आणि आणखी काही वस्तू छोट्या पट्ट्यांत भरून तिच्या पाठीवर चिकटवल्या. दोन दिवसांनी काढल्या, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. लसणाच्या जागी लाल, फुगलेली, खाजरी टिकली उमटली होती. बाकी जागा कोऱ्या.

"ही लसणाची ॲलर्जी आहे. हे दुसऱ्याला लागत नाही, अजिबात नाही. सोलणं मात्र बंद. रबरी हातमोज्याच्या भरवशावरही नको, लसणाचा अर्क त्यातून आरपार जातो. शिजलेला तुम्ही खाता, त्रास नाही ना? मग खा. रात्री हे मलम, दिवसभर व्हॅसलीन. भेगा भरल्या की भाकरी खुशाल करा."

भाकरी खुशाल करा! परतीच्या गाडीत लीलाबाई तेवढंच घोळवत होती.

प्रेरणाला सांगितलं तर ती खजील झाली. "माह्यामुळंच झालं हे सारं," म्हणाली आणि लसूण सोलायचं काम दुसऱ्या बाईकडे दिलं. महिन्याभरात बोटं अशी झाली की लीलाबाई उगाच ती एकमेकांवर घासून पाहायची. मग एका सकाळी तिने परात ओढली, ज्वारीचं पीठ घेतलं, कोमट पाणी घातलं. पीठ मळताना तिला इतका आनंद झाला की एकटीच हसली. भाकर तव्यावर टम्म फुगली.

भगवानराव जेवायला बसला. वरणात कुस्करायला भाकरीचा तुकडा मोडला आणि थांबला.

"भाकर कोनं केली?"

"मी केली," लीलाबाई म्हणाली.

त्याने तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. "प्रेरणा, कालची पोळी असन तं दे."

प्रेरणा उभीच राहिली. लीलाबाई शांतपणे म्हणाली, "लागत नाही ते. डॉक्टरणीनं सांगतलं, लसनाचं होतं. हात पाहा माहे."

त्याने हात पाहिले नाहीत. ताटाकडे बघत म्हणाला, "मले मालूम हाय वं. पन मन नाही होत. आता काय करू?"

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. खोटं असतं तर भांडता आलं असतं. भेगांना मलम मिळालं होतं. नवऱ्याच्या मनाला काय लावायचं, ते कोणाला विचारायची सोय नव्हती.

प्रेरणाने पोळी आणून वाढली. लीलाबाई खाली बसली, त्याच्या ताटातली भाकर उचलली, त्याने मोडलेल्या तुकड्यासकट, आणि त्याच्यासमोर बसून शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. भाकर चांगली झाली होती. तसं म्हणणारं तिच्याशिवाय कोणी नव्हतं.